बोस्ट मारला की टी हातचा जातो का?

इंदिरानगरकर

मी सहा महिन्यांपासून नाशिकमध्ये स्क्वॉश खेळतो आहे. आमचे प्रशिक्षक म्हणतात, टी, म्हणजे कोर्टाच्या मधला रेषांचा छेद, सोडू नका. सोबतचे खेळाडू म्हणतात, मागच्या कोपऱ्यात अडकलात की बोस्ट मारा. उजव्या मागच्या कोपऱ्यातून मी बाजूच्या भिंतीवर आदळून पुढे जाणारा बोस्ट मारतो तेव्हा टीवर उभा असलेला प्रतिस्पर्धी दोन पावले पुढे येतो, आरामात पुढच्या भिंतीजवळ हलका ड्रॉप टाकतो आणि गुण घेतो. हा फटका मी सोडून द्यावा का?

सरळरेषा

होय, सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या कोपऱ्यातून मारलेला बोस्ट चेंडूला पुढे नेतो आणि तुम्हाला मागेच ठेवतो, त्यामुळे कोर्टाचा मध्य तुम्ही स्वतःच्या हाताने समोरच्याला देता. त्याऐवजी भिंतीला लागून सरळ ड्राइव्ह मारला, तर त्याला टी सोडून मागे जावे लागते आणि ती जागा तुमच्यासाठी मोकळी होते. जहांगीर खान यांनी 1982 ते 1991 अशी सलग 10 वर्षे ब्रिटिश ओपन जिंकली, ती खोल, सरळ फटक्यांनी समोरच्याला मागे दाबून ठेवत आणि प्रत्येक फटक्यानंतर मध्यावर परतत. शिवाय 11 गुणांच्या सध्याच्या पद्धतीत प्रत्येक चुकीला गुण जातो. जुन्या पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्याची चूक झाली तर केवळ सर्व्हिस जात असे, म्हणून तेव्हाची धाडसे आज परवडत नाहीत.

काचेमागून

सरळ ड्राइव्ह हा पहिला पर्याय आहे, याबाबत दुमत नाही. परंतु चेंडू मागच्या भिंतीच्या इतका जवळ मरतो की त्याच्या मागे रॅकेट नेता येत नाही, तेव्हा तो पर्याय शिल्लक राहत नाही, आणि मूळ प्रश्न नेमका त्या क्षणाविषयी आहे. त्यामुळे बोस्ट मारावा की नाही यापेक्षा तो भिंतीवर कुठे लागतो, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

एक प्रसंग मोजून पाहू. कोर्ट 9.75 मीटर लांब आणि 6.4 मीटर रुंद असते. समजा, चेंडू उजव्या भिंतीपासून अर्धा मीटर आणि मागच्या भिंतीपासून एक मीटर अंतरावर आहे. तो डाव्या पुढच्या कोपऱ्यात पोहोचायचा असेल, तर उजव्या भिंतीवर तो तुमच्या रॅकेटच्या फक्त साठ-पासष्ट सेंटिमीटर पुढे, म्हणजे साधारण तीन वितींवर लागला पाहिजे. नवा खेळाडू घाबरून तो दीड मीटर पुढे मारतो, कारण पुढची भिंत समोर दिसत असते आणि हात आपोआप तिकडे वळतो. तेवढ्या फरकाने चेंडू पुढच्या भिंतीवर उजव्या बाजूपासून सुमारे 2.4 मीटरवर आदळतो. पुढच्या भिंतीचा मध्य 3.2 मीटरवर असतो, म्हणजे चेंडू कोपऱ्यात जाण्याऐवजी मध्याच्या आसपास लागतो आणि टीवरच्या माणसाच्या पुढ्यात येऊन पडतो. आपला प्रतिस्पर्धी दोनच पावलांत पोहोचतो, यावरून आपल्याबाबतीत हेच होत असावे, असे मला वाटते.

भिंतीवर आदळताना चेंडूचा वेग कमी होतो, म्हणून ही मापे तंतोतंत नाहीत, पण दिशा ठरवायला ती पुरतात. उजवी भिंत नाहीच, पलीकडे तसेच दुसरे कोर्ट आहे, असे समजा आणि त्या कोर्टाच्या दूरच्या पुढच्या कोपऱ्याकडे, किंचित वरच्या दिशेने मारा. वरच्या दिशेने यासाठी, की दोन भिंतींचा प्रवास करूनही चेंडू पुढच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या 48 सेंटिमीटर उंचीच्या टिनवरून जायचा असतो. व्यावसायिक स्पर्धांत टिन 43 सेंटिमीटरचे असते, त्यामुळे चित्रफितींत दिसणारे अगदी खालचे बोस्ट आपल्या कोर्टवर जसेच्या तसे उतरत नाहीत.

देवळालीचे काका

मला 1980च्या दशकापासूनचा खेळ आठवतो आणि माझे मत थोडे निराळे आहे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळे मागच्या कोपऱ्यातून मी बोस्ट न मारता उंच लॉब टाकतो, जेणेकरून चेंडू खाली येईपर्यंत मला चालत मध्यावर जाता येते. डिसेंबरमधल्या आपल्या गारठ्यात पहाटेच्या वेळी दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू तापतच नाही. अशा वेळी साधा बोस्टही पुढे जाऊन मरतो आणि तरुण मुले त्यावर गुण मिळवतात. एप्रिलमध्ये तोच फटका कंबरेएवढा उसळतो. म्हणून या फटक्याचा निर्णय ऋतू पाहून करावा, असे मी म्हणेन.

सरळरेषा

काका, लॉबसाठी चेंडूच्या खाली रॅकेट जायला जागा लागते. प्रश्नातल्या कोपऱ्यात ती असेल का, याची मला शंका आहे. थंडीचा मुद्दा मात्र मान्य आहे.

पंचवटी

माझी समजूत अशी होती की बोस्ट म्हणजे मागच्या भिंतीवर मारून पुढे पाठवलेला चेंडू. तसा फटका मारताना मी मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा असतो आणि टीवर परतण्याचा प्रश्नच उरत नाही. आपण सगळे त्याच फटक्याविषयी बोलत आहात का?

काचेमागून

नाही. आपण म्हणता तो मागच्या भिंतीचा बोस्ट आहे आणि दुसरा कोणताही उपाय उरत नाही तेव्हाच तो मारायचा. इथला विषय बाजूच्या भिंतीवरून पुढच्या भिंतीवर जाणाऱ्या फटक्याचा आहे.

सातपूरची पाळी

या चर्चेत सगळे जण टीकडे एक खूण म्हणून पाहत आहेत, याचे मला आश्चर्य वाटते. मी कंपनीतली पाळी संपवून संध्याकाळी खेळतो आणि माझे प्रशिक्षक प्रत्येक फटक्यानंतर मला लाल रेषांच्या छेदावर पाय ठेवायला लावत. वर्षभर मी मान खाली घालून त्या छेदाकडे धावत राहिलो, तोवर समोरच्याने चेंडू मारलेला असे आणि तो कुठे गेला हे मला कळत नसे. टीचा हट्टच चुकीचा आहे, असे माझे मत झाले आहे.

काचेमागून

आपला अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मध्य महत्त्वाचा आहे तो अंतरांमुळे. त्या छेदापासून पुढचे दोन्ही कोपरे सुमारे 6.3 मीटरवर आणि मागचे दोन्ही सुमारे 5.3 मीटरवर आहेत, तर एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात जायला सुमारे 11.7 मीटर पडतात. मध्यावरच्या माणसाला कोणताही चेंडू अर्ध्या वाटेवर असतो आणि कोपऱ्यातल्या माणसाला एखादा चेंडू संपूर्ण वाटेवर असतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. बहुतेक चांगले खेळाडू छेदाच्या एक पाऊल मागे उभे राहतात, कारण पुढे झेपावणे मागे वळण्यापेक्षा सोपे असते आणि उंच क्रॉसकोर्टही तिथून व्हॉलीवर पकडता येतो.

आपल्या प्रशिक्षकांच्या सूचनेत एक गोष्ट राहून गेली असावी. समोरचा रॅकेट खाली आणू लागतो त्या क्षणी आपण जिथे असू तिथे थांबायचे, दोन्ही पायांवर तोल घ्यायचा आणि पूर्ण वेळ नजर चेंडूवर ठेवायची. मध्यापासून दीड मीटर दूर थांबलेला माणूस मध्याकडे धावत असलेल्या माणसापेक्षा लवकर निघतो.

हे बोस्टला लावून पाहू. बोस्ट मारल्यावर कोपऱ्यातून मध्यापर्यंत साधारण साडेतीन मीटर जायचे असते. समोरच्याला चेंडूजवळ जायला पाच मीटरांहून थोडे अधिक अंतर असते, पण त्यातले दीड-दोन मीटर त्याचे शेवटचे लांब पाऊल आणि हात-रॅकेट मिळून वाचते. म्हणजे ही शर्यत जवळजवळ बरोबरीची आहे आणि ती कोण जिंकतो हे चेंडूच्या उंचीवर ठरते. तो वाकून, हात ताणून, गुडघ्याखालून चेंडू उचलत असेल, तर त्याला वर उचलण्यावाचून गत्यंतर नाही आणि आपण निर्धास्त मध्य गाठावा. तो ताठ उभा राहून कंबरेच्या उंचीवर खेळत असेल, तर बोस्ट फसला आहे. तेव्हा मध्यासाठी धावत सुटू नये, आहे तिथे थांबून त्याचे रॅकेट पाहावे.

व्हॉलीवाली

आतापर्यंत सगळ्यांनी बोस्टकडे फक्त सुटकेचा मार्ग म्हणून पाहिले, हे मला खटकते. माझ्या खेळात तो मध्यावरूनच मारायचा फटका आहे. समोरचा उजव्या मागच्या कोपऱ्यात आहे आणि त्याचा सरळ ड्राइव्ह भिंतीपासून जरा सुटून सर्व्हिस बॉक्सजवळ आला, तर मी तो व्हॉलीवर घेते, उजव्या भिंतीवर मारते आणि टीपासून एक-दोन पावलांवरच राहते. आता त्याला डाव्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत कोर्टाची सगळी तिरकी लांबी धावावी लागते आणि वाटेत मध्यावर मी उभी असते. चेंडू तोच, भिंतही तीच, पण यावेळी मध्य माझ्याकडे आहे. त्यामुळे "बोस्ट टी घालवतो" हे विधान अपुरे आहे. मारताना टीवर कोण आहे, यावर सगळे ठरते.

फक्त तो वारंवार मारू नये. दुसऱ्यांदा तसाच चेंडू आला की समोरचा आधीच पुढे निघालेला असतो, तेव्हा सरळ खोल फटका त्याच्या पाठीमागे जातो.

सरळरेषा

हा फटका मला मान्य आहे, पण सहा महिन्यांच्या खेळाडूला तो शिकवणे मला योग्य वाटत नाही. आधी भिंतीला लागून 10 सरळ ड्राइव्ह सलग मारता यावेत, बोस्ट त्यानंतर. कोपऱ्यातून बाहेर यायचा मार्ग आहे हे माहीत झाले की मुले कोपऱ्यातला सरळ फटका शिकायचा कंटाळा करतात, हे मी कित्येक जणांत पाहिले आहे.

व्हॉलीवाली

मी उलट पाहिले आहे. ज्यांना बोस्ट येत नाही, ते कोपऱ्यात अडकू नये म्हणून टीच्या दोन पावले मागेच उभे राहतात आणि प्रत्येक ड्रॉपवर उशिरा पोहोचतात.

इंदिरानगरकर

काल संध्याकाळी कोर्ट मोकळे होते, म्हणून उजव्या भिंतीवर मागच्या भिंतीपासून 1.6 मीटरवर कागदी चिकटपट्टीची एक खूण केली आणि मित्राला कोपऱ्यात हाताने चेंडू टाकायला सांगितले. पहिले 20 बोस्ट नेहमीप्रमाणे मारले, तेव्हा 13 खुणेच्या बऱ्याच पुढे लागले आणि ते सगळे मध्याजवळ येऊन पडले. खुणेकडे पाहून मारलेल्या पुढच्या 20 पैकी 9 डाव्या कोपऱ्यात गेले, 6 टिनवर आदळले आणि उरलेले पुन्हा मध्यातच आले. टिनवर गेलेले चेंडू मी फार जोरात आणि सपाट मारत होतो, असे मित्राचे म्हणणे पडले.

बॅकहँडच्या कोपऱ्यात मात्र खुणेचा काहीच उपयोग झाला नाही. तिथे चेंडू माझ्या शरीराच्या इतका मागे जातो की भिंतीवर तीन विती पुढे मारायला मनगटच वळत नाही. तिथे पाय वेगळे ठेवावे लागतात का?

काचेमागून

होय, तिथे पाठ पुढच्या भिंतीकडे अधिक वळवून उजवा पाय मागच्या कोपऱ्याकडे टाकावा लागतो. उद्या सकाळी साडेसहाला मी कोर्टवर आहे, प्रत्यक्षच पाहू. चेंडू गार असेल, तेव्हा 10 मिनिटे आधी या.