मदत हवी आहे : जिनिंगच्या दुसऱ्या पाळीत मगरिबच्या नमाजासाठी वेळ कसा बसवावा?

सेकंडशिफ्ट_राळेगाव

नमस्कार मंडळी. राळेगाव पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी पाळी सांभाळतो. सीझनमध्ये आमच्या दोन पाळ्या असतात. सकाळी ८ ते ४:३० आणि ४:३० ते रात्री १. पहिल्या पाळीला जेवणाची सुट्टी १२:३० ला, दुसऱ्या पाळीला ८:३० ला. कापसातून सरकी वेगळी करणारे २४ डीआर म्हणजे डबल रोलर जिन, रुईच्या गाठी बांधणारी एक प्रेस, तासाला साधारण ८ गाठी निघतात.

माझ्या पाळीत २३ माणसं आहेत, त्यात ७ जण नमाजी. जिन हॉलमधल्या चार जणांपैकी तिघं, प्रेसवरच्या पाचांपैकी दोघं, एक जण कापसाच्या गंजीवर आणि एक सरकीकडे. आजवर जो तो जमेल तसा निघून जायचा आणि बाजूचा माणूस त्याचे जिन बघायचा. मागच्या आठवड्यात तिघं एकाच वेळी गेले. एका जिनात कापूस कोंडला आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत रोलर तापून वास सुटला. आग लागली नाही, पण मालक म्हणाले, आता कोणीही जागा सोडायची नाही.

मला ते पटत नाही. ही माणसं अनेक सीझन माझ्यासोबत आहेत, एकानेही कधी कामात कुचराई केलेली नाही. त्यांना नमाज पढता आला पाहिजे आणि जिनही चालू राहिले पाहिजेत. हे बसवायचं कसं? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

डाळमिल_अकोला

सोपं आहे भाऊ. जेवणाच्या अर्ध्या तासाचे दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. त्यातला एक ५:४५ ला द्या. भोंगा लावून टाका, रोज तीच वेळ. उत्पादनाचं एक मिनिटही जात नाही.

निवृत्त_मुकादम

बेटा, आधी नमाजाच्या वेळा नीट समजून घे, अर्धं काम तिथंच होऊन जाईल. पाच वक्तांपैकी तुझ्या लाइनीला खरा नडतो तो एकच.

जोहर दुपारी साडेबाराच्या आसपास सुरू होते आणि असर लागेपर्यंत, म्हणजे चारच्या पुढेपर्यंत पढता येते. पहिल्या पाळीची जेवणाची सुट्टी तिच्यातच येते. असर आमच्या हनफी हिशेबानं डिसेंबरात चार वाजून पाच मिनिटांच्या आसपास लागते. पहिली पाळी ४:३० ला सुटली की आरामात पढून घरी जाईल, दुसरी पाळी पढून कामावर येईल. इशा सूर्यास्तानंतर सवा तासानं लागते आणि बऱ्याच रात्रीपर्यंत चालते, म्हणून ८:३० च्या जेवणात बसते. उरली मगरिब. सूर्य बुडाला की लागते, तास-सव्वा तासात संपते, आणि ती सुरुवातीलाच पढावी अशी रीत आहे. तुला सोय करायची आहे ती एवढ्या एका नमाजाची.

डाळमिलवाल्या भाऊंना सांगतो, रोज ५:४५ चा भोंगा चालणार नाही. आपल्या भागात नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत सूर्य ५:४० च्या आगेमागे बुडतो. संक्रांतीला ६ वाजायला येतात, फेब्रुवारी संपता संपता ६:२० होतात. एकाच सीझनमध्ये चाळीस मिनिटं सरकतात. फेब्रुवारीत ५:४५ ला सोडलं तर वक्त लागलेलाच नसेल. मशिदीतला वेळांचा तक्ता आण आणि पंधरा-पंधरा दिवसांची वेळ फळ्यावर लिहून ठेव.

हिंगणघाट_फिटर

चाचांनी मोठं काम हलकं केलं. दादा, जेवणाची सुट्टी मात्र तोडू नका. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ५५ व्या कलमात पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. दहा-दहा मिनिटांचे तुकडे म्हणजे ती विश्रांती नव्हे. आता नवी कामगार संहिता लागू आहे, तेव्हा आजचा नियम तुमच्या लेबरचं काम बघणाऱ्याला विचारून घ्या. मगरिबची वेळ जेवणात धरू नका, चहाच्या सुट्टीत धरा.

आता लाइनीचं. तुम्ही जिन चालू ठेवायची काळजी करता आहात ते बरोबरच आहे, पण थोडा वेळ थांबवता येईल अशी एक जागा तुमच्याकडे आहे, ती म्हणजे प्रेस. तासाला ८ गाठी म्हणजे १७० किलोच्या हिशेबानं १,३६० किलो रुई. प्रेस पंधरा मिनिटं थांबली तर ३४० किलो साचेल, म्हणजे दोन गाठी. प्रेस हॉलमध्ये तेवढी जागा असते. तुमची प्रेस जोर लावला तर तासाला १२ गाठी बांधत असेल, तर येणाऱ्या ८ सोडून ४ ची सवड राहते. दोन गाठींची थकबाकी अर्ध्या तासात निघून जाईल.

प्रेस थांबली की तिथले जे तिघं नमाजी नाहीत ते मोकळे होतात. त्यांना जिन हॉलमध्ये त्या तीन जागांवर उभं करा. चौथा माणूस तुमचा आहेच, फिटर मध्ये फिरता राहील. मग सातही जण एकदमच जाऊ शकतात, जमातनं पढू शकतात. दोन तुकड्या करायची गरज नाही. गंजीवर एक हमाल लावा. सरकीचा कन्व्हेयर तेवढा वेळ आपोआप चालतो, फिटरनं येता-जाता नजर टाकली तरी पुरे.

सूतगिरणी_जॉबर

आमच्याकडे असं काहीच थांबवता येत नाही. रिंग फ्रेम बंद करून परत चालू केली की जागोजागी धागे तुटतात, मग सांधत बसायचं. म्हणून आम्ही एक जादा माणूसच ठेवतो. तो पाळीभर एकेकाला सोडत फिरतो, मग कोणी नमाजाला जावो, कोणी पाणी प्यायला. माझं मत, एक रिलीव्हर घ्या आणि मोकळे व्हा. प्रेसवाल्याला जिनवर उभं करणं मला धोक्याचं वाटतं.

हिंगणघाट_फिटर

दादा, तुमची भीती खोटी नाही. प्रेसवाल्याला जिनवर उभं करण्याआधी सात-आठ संध्याकाळी जिनवाल्याच्या शेजारी उभा ठेवा. त्याला दोनच गोष्टी यायला हव्यात. जिन कोंडतो आहे हे कसं कळतं, आणि कळल्यावर काय करायचं. पात्याखालून रुई पातळ आणि तुटक पडू लागते, मोटरचा आवाज जड होतो. मग जिनात कापूस सोडणारा फीडर बंद करायचा, मोटर बंद करायची आणि फिटरला हाक मारायची. बस. हातानं कापूस ओढायला जायचं नाही. जिनवर बोटं जातात ती त्यातच.

रिकामा जिनही फिरवू नका. कापूस नसला की रोलर पात्यावर कोरडाच घासतो आणि तापतो. मागच्या आठवड्यात तुमच्याकडे जो वास सुटला तोही घासण्याचाच.

आणि प्रेस हॉलच्या भिंतीवर चुन्याची रेष मारा. रुई तिथपर्यंत चढली की प्रेस सुरू झालीच पाहिजे. त्याच्या वर गेली की रुई आणणाऱ्या पाइपाचं तोंड दबतं, रुई मागे कोंडते आणि जिनखालून उठतच नाही. प्रेसमध्ये काही बिघाड असेल, किंवा कापूस ओला येत असेल आणि जिन वारंवार कोंडत असतील, त्या दिवशी हा उपाय करू नका. अशा वेळी त्या तिघांच्या जिनांना कापूस देणं थांबवा, त्यांच्या मोटरी बंद करा आणि बाकीचे चालवा. थोडी रुई कमी निघेल, तेवढं सोसावं लागेल.

बुटीबोरी_ऑपरेटर

माझा पण प्रश्न आहे. आमच्या कंपनीत नमाजाला गेलं की ते मिनिटं हजेरीतून कापतात. पगार कापता येतो का?

निवृत्त_मुकादम

भाई, तुझा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढ. इथं गोष्ट लाइनीची आहे.

पाळीवाल्या बेट्याला अजून एक सांगतो. मगरिब पढायला पाच-सात मिनिटं लागतात, तीन फर्ज आणि दोन सुन्नत. वेळ जातो तो वजूत, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यात, आणि चालण्यात. नळ गेटाजवळ असेल तर येण्या-जाण्यातच दहा मिनिटं गेली. त्यात अंगभर रुई असते, ती झटकायला लागते. वजू टिकत असतो. पाळीवर येताना केलेला मध्ये तुटला नाही तर त्याच वजूनं मगरिब पढता येते. ज्याचा तुटला त्याच्यासाठी प्रेस हॉलच्या मागे एक नळ काढून घे, आणि जवळच चटई टाकायला साफ जागा. कारखान्यासाठी एवढा पाइप काही जड नाही.

सेकंडशिफ्ट_राळेगाव

सगळ्यांचे आभार. मालकांना चाचांची वेळांची गोष्ट आणि फिटर दादांचा दोन गाठींचा हिशेब दाखवला. नळाला हो म्हणाले. प्रेस थांबवायलाही तयार झाले, पण प्रेसवरच्या उरलेल्या तिघांचं म्हणणं पडलं की आम्ही चहाच्या वेळी जिनवर उभे राहायचं आणि हे बाहेर? त्यात चूक काही नाही. मग असं ठरवलं की नमाजावरून सात जण आले की त्या तिघांना पंधरा मिनिटं चहाला सोडायचं. तेवढ्या वेळात प्रेस दोघांवर आणि गंजीवरून आलेल्या हमालावर चालेल, थोडी हळू. थकबाकी अर्ध्याऐवजी एका तासात निघेल.

दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. फेब्रुवारी अखेरीस असर ४:४० च्या पुढे जाते. तेव्हा माझी पाळी पढून कशी येणार? आणि येत्या वर्षी रमजान फेब्रुवारीतच येतो आहे, ऐन सीझनमध्ये.

निवृत्त_मुकादम

असरला ५ च्या सुमारास दोन-दोन करून सोड. सहाच्या आत झाली की चालतं, अगदी बुडत्या सूर्यापर्यंत लांबवू नये. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो, म्हणजे पुढची काही वर्षं तो तुझ्या सीझनमध्येच पडणार. रोजेदारांना त्या महिन्यापुरतं पहिल्या पाळीत घे. इफ्तारीला घरी राहतील, रात्री तरावीहची नमाजही होईल.

हिंगणघाट_फिटर

चाचा, मग दुसऱ्या पाळीत जिन हॉलचे तीन आणि प्रेसचे दोन हात कमी पडतात. तेवढे जाणते हात पहिल्या पाळीतून इकडे यायला तयार आहेत का ते आत्ताच विचारून ठेवा. आणि रोजेदारांना दुसऱ्या पाळीतच ठेवून जेवणाची सुट्टी ६:१५ ला ओढायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, ६:४५ ते १ म्हणजे सव्वासहा तास सलग काम होईल. दहाच्या आसपास आणखी अर्धा तास द्यावा लागेल आणि पाळी दीडला सुटेल. रात्री दीडला गावाकडे जायची गाडी कोणती, तेही बघा.

सेकंडशिफ्ट_राळेगाव

गाडी नाही. पहिल्या पाळीतल्या माणसांना विचारतो आणि इथे कळवतो.