फॉरवर्ड होऊन आलेल्या पत्रिकेला उत्तर काय द्यावे?

पुणेकर: चुलत चुलतभावाच्या मुलीची पत्रिका काल व्हॉट्सॲपवर आली. वर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का, खाली ना माझे नाव, ना दोन शब्द. फोनही नाही. लग्न सोळा दिवसांवर, सोलापुरात. जावे, आहेर पाठवावा, की गप्प बसावे?

जुना सातारकर: आमच्या लहानपणी घरी येऊन अक्षत दिल्याखेरीज आमंत्रण झाले असे कोणी मानीत नसे. ज्यांना एक फोन जड झाला, त्यांच्यासाठी सोलापूर गाठण्याचे कारण नाही. अंगठ्याचे चिन्ह पाठवावे आणि विषय संपवावा.

माजी वधूपिता: न जाण्याबद्दल मतभेद नाही, पण तो अंगठा मात्र पाठवू नका. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नात मला असे कित्येक अंगठे आले आणि ‘पत्रिका मिळाली’ म्हणायचे आहे की ‘येतो’, हे शेवटपर्यंत कळले नाही. केटररला मात्र ताटांचा आकडा आधी सांगावा लागतो आणि तेवढ्याचे पैसे मोजावेच लागतात. शिवाय संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो, म्हणजे दीडशे घरांसाठी तीच कृती तीस वेळा. रात्री अकरानंतर हे करणाऱ्या माणसाच्या हातून नाव घालणे राहिले, तर तो अपमानच असतो असे नाही. आधी आपली आहेराची वही काढा. त्यांचे नाव त्यात असेल, तर ग्रुपवर नव्हे, त्यांच्या क्रमांकावर दोन ओळी लिहा: “पत्रिका मिळाली, आनंद झाला. येणे जमणार नाही, आमची पाने धरू नयेत, चि. सौ. कां.ला आशीर्वाद.” वहीत नाव नसेल, तर पहिले वाक्य पुरे.

सावध नागपूरकर: पत्रिकेची फाइल `.apk` असल्यास उघडू नये, तशी फसवणूक होते.

माजी वधूपिता: खरे आहे, पण इथे पत्रिका वाचून झालेली आहे.

नाशिकची सून: दोन ओळींनी भागतेच असे नाही. माझ्या सासूबाई दिराच्या घरच्या लग्नात फोनची वाट पाहत बसल्या, तिकडे ते यांच्या होकाराची वाट पाहत होते. दोन वर्षे अबोला चालला. नाते जवळचे असेल, तर आपणच फोन करून “मदतीला कधी येऊ?” असे विचारावे. त्यांच्या आवाजावरून आमंत्रण मनापासून आहे की नाही, ते लगेच कळते.

जुना सातारकर: म्हणजे मान त्यांनी द्यायचा नाही आणि तो आपण फोन करून मागायचा!

पुणेकर: वही काढली. मुलाच्या मुंजीत त्यांचे ५०१ रुपये आहेत आणि ते दोघे एसटीने आले होते, हे पत्नीला आठवले. दोन ओळी पाठवल्या. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. आहेर पाठवायचा, असे पत्नीचे म्हणणे आहे. माझे अजून ठरत नाही.