शब्दचर्चा: पणजोबांच्या वहीतली एक ओळ – ‘१२॥।=’, ‘।-४’ आणि ‘४।८’

सुनीता_सदाशिवपेठ
वाड्याची माडी रिकामी करताना लाल बासनात बांधलेली एक वही निघाली. काही पानं मोडीत आहेत, काही बाळबोधीत. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या शेताचा हिशेब असावा. मोडी मला अडखळत वाचता येते. एका पानावरची ही ओळ जशी दिसली तशी उतरवते:

सन १३०३ फसली. मौ॥ (गावाचं नाव) सर्व्हे नं. ४७, ए. ६ गुं. १८, पैकी खराबा गुं. ११, बाकी ए. ६ गुं. ७, (पहिलं अक्षर डागाळलेलं)टस्थळ, आकार १२॥।=, हिस्सा ।-४, पैकी जमीन ए. २ गुं. २ आ. ५, सारा ४।८

मी लावलेला अर्थ असा. आकार १२ रुपये आणि पुढे काहीतरी. हिस्सा ‘१-४’ म्हणजे एक एकर चार गुंठे. सारा ‘४१८’ रुपये. पण एक एकर चार गुंठ्यांना चारशे अठरा रुपये सारा कसा? तोही त्या काळी? शिवाय पुढे जमीन दोन एकर लिहिली आहे. काहीच जुळत नाही.

मोडीवाला_नारायणपेठ
जुळत नाही कारण तुम्ही दंडाला एक वाचलंत. ‘।’ हा अंक नव्हे, ती पावकीची रेघ आहे. हिशेबी हातात १ ला वर गाठ असते. ही रेघ सरळ, बिनगाठीची, आणि आधीच्या अंकाला चिकटून काढलेली असते. फोटो मोठा करून पाहा.

उभी रेघ म्हणजे पाव, रुपयात चार आणे. दोन उभ्या म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ म्हणजे एक आणा, दोन आडव्या दोन आणे, तीन आडव्या तीन आणे. चार आडव्या झाल्या की त्यांची एक उभी होते, म्हणून चार आडव्या सहसा दिसत नाहीत. आता १२॥।= वाचा.

सुनीता_सदाशिवपेठ
बारा रुपये, बारा आणे आणि दोन. बारा रुपये चौदा आणे?

मोडीवाला_नारायणपेठ
बरोबर. आता ‘४।८’. चार रुपये, चार आणे, आणि शेवटचा आठ हा पैचा. तुमच्या वहीत पै अंकात लिहिली आहे. चारशे अठरा गेले, चार रुपये चार आणे आठ पै राहिले.

जुनी_पुस्तकं
या रेघा अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना नेहमी भेटतात. मुखपृष्ठावर ‘किं. १॥ रु.’ छापलेलं असतं. माझ्या पुतण्याने ते ‘एक आणि अकरा’ असं वाचलं होतं. हस्तलिखितात कधी ‘२॥०’ असंही दिसतं. शेवटचं शून्य पुढे काही नाही हे सांगायला. मला नेहमी वाटतं की ते पुढे कुणी एखादी रेघ वाढवू नये म्हणूनही असेल. हा माझा अंदाज.

अमोल_हडपसर
माझ्या आजोबांचं नाव सातबारावर चुकीचं लागलंय. ‘दगडू’चं ‘दगु’ झालंय. दुरुस्तीचा अर्ज कुठे द्यायचा? चकरा मारून दमलो.

तलाठी_निवृत्त
अमोल, तहसीलदारांच्या नावे अर्ज करा आणि सोबत ज्या फेरफारात नाव आधी बरोबर होतं त्याची नक्कल जोडा. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो. इथे ताईंचं काम चाललंय.

ताई, ‘हिस्सा ।-४’ ही खरी गंमत आहे. उभी रेघ चार, आडवी रेघ एक, मिळून पाच आणे, वर चार पै. हा पैसा नाही आणि जमीनही नाही. हा वाटा आहे. सगळं शेत म्हणजे सोळा आणे धरायचं, त्यातले तुमच्या पणजोबांचे पाच आणे चार पै. आण्याच्या बारा पै. सोळाला तिनाने भागा.

सुनीता_सदाशिवपेठ
पाच आणे, उरला एक आणा म्हणजे बारा पै, त्याचे तीन भाग चार-चार पै. तिसरा हिस्सा! पणजोबा तिघं भाऊच होते.

तलाठी_निवृत्त
मग सारा तपासा. बारा रुपये चौदा आणे म्हणजे २०६ आणे. तिसरा भाग अडुसष्ट आणे आणि दोन तृतीयांश आणा, म्हणजे आठ पै. अडुसष्ट आण्यांचे चार रुपये चार आणे. वहीतलं ४।८ तंतोतंत येतं. लिहिणारा हिशेबाला पक्का होता.

कोथरूडचा_इंजिनिअर
मी जमिनीचं करून पाहिलं. ६.७ भागिले ३ केलं तर २.२३ येतात. वहीत २ एकर २ गुंठे आहे, म्हणजे २.२. जवळपास आहे, पण चूक आहे. कारकुनाने खाल्लं थोडं.

तलाठी_निवृत्त
कारकुनाने नाही खाल्लं, तुमच्या टिंबाने खाल्लं. एकर-गुंठ्यात दशांश चालत नाही. एकराचे चाळीस गुंठे. सहा एकर सात गुंठे म्हणजे २४७ गुंठे. तिनाने भागले की ८२ आणि एक तृतीयांश. म्हणजे दोन एकर, दोन गुंठे, आणि गुंठ्याचा तिसरा भाग. आता त्या ‘आ. ५’ कडे बघा.

सुनीता_सदाशिवपेठ
हे पाच आणे परत वाट्याचे का?

तलाठी_निवृत्त
नाही, हे जमिनीचे आणे. इथेच माणसं फसतात. इंग्रजी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग केलेले, प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. ३३ फूट औरसचौरस झाला की एक गुंठा, १०८९ चौरस फूट. त्या गुंठ्याचा सोळावा हिस्सा तोही आणाच, साधारण ६८ चौरस फूट, एखाद्या लहान खोलीएवढा. गुंठ्याचा तिसरा भाग म्हणजे पाच आणे आणि वर थोडं. वरचं त्यांनी सोडून दिलं. मोजणीत पै लिहून कोण डोकं फोडून घेणार?

म्हणजे तुमच्या एका ओळीत आणा तीन वेळा आला: आकारात पैशाचा, हिश्शात वाट्याचा, क्षेत्रात जमिनीचा. हिश्शात आणि क्षेत्रात दोन्हीकडे पाचच आला, कारण दोन्हीकडे सोळाचाच तिसरा भाग आहे.

वैशाली_मंचर
आमच्याकडे दुष्काळात ‘आणेवारी कमी लागली’ म्हणायचे, तो चौथा आणा का? मी आत्तापर्यंत समजत होते की त्याचा संबंध जमिनीच्या हिश्शाशीच आहे.

तलाठी_निवृत्त
तो पिकाचा. पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदा किती आलं ते सांगायचं. आता पैसेवारी म्हणतात. हिश्शाची आणेवारी वेगळी, ती खातेदारांच्या नावापुढे असायची. शब्द एकच, म्हणून तुमचा घोळ झाला, त्यात तुमची चूक नाही.

कोथरूडचा_इंजिनिअर
टिंबाबद्दल मान्य. पण सालाबद्दल मला खात्री आहे. फसलीत ५९३ मिळवायचे. १३०३ म्हणजे १८९६.

मोडीवाला_नारायणपेठ
तो हिशेब उत्तरेकडचा. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवायचे, आणि डिसेंबर उलटून पुढच्या इंग्रजी सालात गेलात की ५९१, कारण आपली फसली मृगाला बदलते. म्हणजे १८९३-९४. सुनीताताई, आसपासच्या पानावर कुठे शके दिलाय का? त्याशिवाय वाद मिटणार नाही.

सुनीता_सदाशिवपेठ
पाहिलं. चार पानं पुढे ‘शके १८१५ विजयनाम संवत्सरे भाद्रपद’ आहे आणि त्याच पानाच्या डोक्यावर पुन्हा ‘सन १३०३’.

मोडीवाला_नारायणपेठ
शकात ७८ मिळवा. १८९३ चा भाद्रपद. शके १८१५ चा संवत्सर विजयच येतो. ५९३ ने गेलात तर शके १८१८ यायला हवा होता.

कोथरूडचा_इंजिनिअर
ठीक. माझे मामा कानपूरला असतात, त्यांच्याकडून ऐकलं होतं.

सुनीता_सदाशिवपेठ
आणखी एक. ‘मौ॥’ मध्येही दोन उभ्या रेघा आहेत. म्हणजे मौजेपुढे आठ आणे?

मोडीवाला_नारायणपेठ
:) नाही. अक्षरापुढे ॥ आला की शब्द तोडलाय असं समजायचं. मौ॥ म्हणजे मौजे, नि॥ म्हणजे निसबत. अंकापुढे आला तर अर्धा. हाताने लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आधी काय आहे ते बघायचं.

वैशाली_मंचर
यात कुठे बिघा, चाहूर नाही का? आमच्या इनामाच्या कागदात तेच आहे, आणि घरातले लोक एकरात बदलून मागतात.

मोडीवाला_नारायणपेठ
तुमचा कागद सर्व्हेच्या आधीचा असणार. तिथे काठीचं माप: वीस काठ्या औरसचौरस एक बिघा, एकशे वीस बिघ्यांचा चाहूर. काठी पाच हात पाच मुठींची. पण हात कुणाचा आणि मूठ कुणाची, यावर एकर किती ते ठरणार. घरच्यांना ठाम आकडा देऊ नका. त्यापेक्षा त्या शेताच्या चतुःसीमा सर्व्हेच्या नकाशावर शोधा, एकर आपोआप मिळतील.

सुनीता_सदाशिवपेठ
मी आजचा सातबारा काढला. गट बदलला असेल असं वाटलं होतं, पण काकांनी जुन्या-नव्या नंबरांचा ताळा लावून दिला. एकूण क्षेत्र २ हेक्टर ६१ आर.

तलाठी_निवृत्त
सहा एकर अठरा गुंठे म्हणजे २५८ गुंठे. गुंठा आरपेक्षा किंचित मोठा, शंभरात सव्वाएक आरचासुद्धा फरक नाही. २६१ आर येतातच. सव्वाशे वर्षांत बांध हलले नाहीत, भाग्यवान आहात. खराबा वगळून तुमचा तिसरा हिस्सा सुमारे ८३ आर पडतो. मात्र ही घरची वही आहे, वाटणीचा पुरावा म्हणून हातात धरून जाऊ नका. सर्व्हेचा आकार आकारबंदात दिसेल, आणि वाटणीची नोंद झाली असेल तर ती फेरफारात मिळेल.

आता ते डागाळलेलं अक्षर. ‘पाटस्थळ’ की ‘मोटस्थळ’?

सुनीता_सदाशिवपेठ
फरक काय पडतो?

तलाठी_निवृत्त
पाटाचं पाणी की विहिरीवरच्या मोटेचं. आकार एकरी दोन रुपयांच्या थोडा वर जातोय, कोरडवाहूला मला तो जड वाटतो, म्हणजे बागाईत नक्की. जवळून ओढा जातो का?

सुनीता_सदाशिवपेठ
ओढा आहे. आणि बांधावर एक बुजलेली विहीरही आहे, मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याचे दगड अजून दिसतात.

मोडीवाला_नारायणपेठ
मग दोन्ही शक्य. ‘मो’ला वर मात्रा हवी, ‘पा’ला नाही. डागाच्या वर शाई दिसते का?

तलाठी_निवृत्त
वरची शाई मागच्या पानावरून उमटलेलीही असू शकते. मी मोट म्हणेन, थारोळं आहे म्हणून.

मोडीवाला_नारायणपेठ
मी पाट म्हणेन. थारोळं १८९३ नंतरचंही असू शकतं.

सुनीता_सदाशिवपेठ
उद्या दुपारी माडीच्या खिडकीत पान उजेडाला आडवं धरून फोटो काढते आणि टाकते.