पाचव्या प्रकरणात परत चौथंच लिहायचं का?

हिंगण्याची_मॅडम
एम.एड.चं डिझर्टेशन शेवटच्या टप्प्यात आहे. जि.प. शाळा, पाचवीची ३४ मुलं, एकच गट. पूर्वचाचणी घेतली, मग सहा आठवडे काड्या-गठ्ठे वापरून भागाकार शिकवला, मग उत्तरचाचणी. २० पैकी सरासरी ८.१ होती ती १३.४ झाली, टी मूल्य ०.०५ स्तरावर सार्थक आलं. गाईड म्हणतात निष्कर्ष म्हणजे चौथ्या प्रकरणाची झेरॉक्स झालीये. मग तिथे लिहायचं तरी काय?

धंतोलीचा_भाऊ
काऊन टेन्शन घेता? प्रकरणाचं नावच 'सारांश, निष्कर्ष व शिफारशी' असते, सारांश म्हटला की जुनं परत येणारच ना बाप्पा. आणि बाहेरचे परीक्षक तोंडीच्या दिवशी शेवटचंच प्रकरण चाळतात, त्यात आकडे नाही दिसले तर तिथूनच सुरू होतात. मी तर उद्दिष्टं, परिकल्पना, तक्त्यांखालचे निष्कर्ष, सगळं उचलून टाकलं होतं आणि पास झालो.

जुन्या_बॅचचे_सर
भाऊ, सारांश हवाच, ते बरोबर. पण तो दीड पानात आटपतो आणि तिथेच संपतो. खरा घोळ पुढे आहे. 'उत्तरचाचणीचे मध्यमान पूर्वचाचणीपेक्षा जास्त आहे' हा निष्कर्ष नाहीच, ते तक्त्याचं वाचन झालं आणि ते चौथ्यात होऊन गेलं. त्यातून भागाकार शिकवण्याबद्दल काय कळलं ते पाचव्यात यायला पाहिजे.
मॅडम, पेपर परत काढा आणि प्रश्नवार बघा. कोणती उदाहरणं सुधारली आणि कोणती जशीच्या तशी राहिली?

हिंगण्याची_मॅडम
बघितलं सर. साधी वाटणीची आणि बाकी उरणारी उदाहरणं भरपूर सुधारली. पण ६१८ ÷ ६ सारखी तीन होती, त्यात आधीही बहुतेकांचं १३ आणि नंतरही १३च 😐

जुन्या_बॅचचे_सर
हा घ्या तुमचा निष्कर्ष! काड्यांनी करताना सहा शतकं सहा जणांना वाटली, एक दशकाचा गठ्ठा उरला, तो सहात जात नाही म्हणून मुलानं सोडला, १८ सुट्ट्या झाल्या, प्रत्येकाला तीन. हातानं सगळं बरोबर झालं. पण दशक कोणालाच मिळालं नाही, म्हणजे हातात काहीच आलं नाही, मग कागदावर तरी शून्य कोण लिहिणार? एकापुढे तीन, झाले १३. तेव्हा असं लिहा की साहित्यानं वाटणी समजायला मदत झाली असावी, पण मधल्या शून्याची चूक तशीच राहिली आणि तिचं संभाव्य कारण हे. यात सरासरीचा आकडा एकदाही लागला नाही बघा.
आणि 'काड्यांमुळे सुधारणा झाली' असं ठाम लिहू नका, नियंत्रित गट नाही तुमच्याकडे. सहा आठवडे नुसता सराव झाला असता तरी गुण वाढले असते. हेच वाक्य मर्यादेत टाका, त्यातूनच पुढच्या संशोधनाची सूचना आपोआप निघते.

पीएचडीवाला_नागपूरकर
मला वेगळंच वाटतं, रिपीट झालं की सॉफ्टवेअरमध्ये टक्के वाढतात ना? यूजीसीचा २०१८ चा नियम आहे, १० टक्क्यांच्या आत पाहिजे. माझ्या थिसिसमध्ये याच्यावरूनच खूप त्रास झाला.

जुन्या_बॅचचे_सर
ते दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य मोजतं हो. तुमचं चौथं आणि पाचवं एकाच फाईलमध्ये असतं, ते एकमेकांशी ताडून टक्के निघत नाहीत. इथला प्रश्न तो नाहीये.

शिक्षक_सहकारनगर
शिफारशींचं कोणीच बोलत नाही. 'शासनाने सर्व शाळांना साहित्य पुरवावे' हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलं की पाठ झालंय. ३४ मुलांवरून शासनाला सांगणारे आपण कोण? केंद्राच्या शिक्षण परिषदेत पाचवीच्या शिक्षकांना सांगता येईल अशी एखादी गोष्ट लिहा ना, उदा. उत्तराच्या वर श-द-ए चे रकाने आखायचे आणि एकही गठ्ठा वाटला गेला नाही की त्या रकान्यात ० लिहायचाच.

जुन्या_बॅचचे_सर
कल्पना झकास, पण मॅडमनी रकाने वापरून शिकवलंय कुठे? जे तपासलंच नाही त्याची शिफारस कशी करणार? 'पुढे तपासून पहावे' यात टाका.

शिक्षक_सहकारनगर
नाही पटत सर. सोमवारी वर्गात उभं राहणाऱ्याला 'पुढे तपासावे' याचा काय उपयोग? चूक कुठे होते ते मॅडमच्या डेटात दिसतंय, उपाय सुचवला तर बिघडलं काय?

धंतोलीचा_भाऊ
मी अजूनही म्हणतो, आकडे असू द्या. परीक्षक समोर बसला की कळेल.

हिंगण्याची_मॅडम
सर, त्या तीन प्रश्नांचा वेगळा तक्ता चौथ्यात नाहीये, फक्त एकूण गुण आहेत. डायरेक्ट पाचव्यात लिहिलं तर चालेल का?

जुन्या_बॅचचे_सर
नाही चालत. आधी चौथ्यात छोटा प्रश्नवार तक्ता घाला, मगच पाचव्यात त्याच्यावर बोला. पाचव्यात नवीन माहिती उगवली की परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतो.