‘महसुली खर्च’ आणि ट्रकचं इंजिनकाम

निळीशाई: एका वाहतूक फर्मच्या हिशेबांचं मराठी भाषांतर तपासते आहे. त्यात ‘ट्रकचं इंजिनकाम (महसुली खर्च)’ असं आलंय. महसुली म्हटलं की तलाठी आणि सातबारा डोळ्यासमोर येतो. शिवाय महसूल म्हणजे येणारा पैसा, तो जाणाऱ्या पैशाचं विशेषण कसा झाला? ‘चालू खर्च’ लिहिलं तर चालेल का?

घाटमाथा: शब्द अर्थसंकल्पातला आहे, ‘महसुली तूट’ म्हणतात त्यातला. रोजच्या महसुलातून भागतो तो महसुली खर्च, कर्ज काढून करावा लागतो तो भांडवली.

खतावणी: शब्द अर्थसंकल्पातला हे बरोबर, पुढचं नाही. पैसा कुठून आणला यावर खर्चाची जात ठरत नाही. कर्ज काढून पगार वाटले तरी ते महसुलीच आणि गल्ल्यातल्या रोकडीने ट्रक घेतला तरी तो भांडवलीच. खर्चाचा फायदा किती काळ पुरतो ते पाहायचं. त्याच वर्षाच्या उत्पन्नातून वजा होऊन संपतो तो महसुली. पुढची काही वर्षं कामाला येतो तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतो आणि घसाऱ्याच्या रूपाने थोडा थोडा नफ्यातोट्याला येतो.

पण इथे शब्दाआधी नोंदच तपासा. इंजिनचं काम हाफ आहे की फुल? बिलात काय लिहिलंय?

निळीशाई: पिस्टन-लायनर सेट, मेन आणि बिगएंड बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, गॅस्केट किट, मजुरी मिळून 3,60,000. खाली तेल, फिल्टर, पट्टे 18,000. सगळे 3,78,000 एकाच ओळीत ‘दुरुस्ती’ म्हणून खर्ची टाकलेत.

खतावणी: म्हणजे फुल काम. 18,000 महसुलीच, ते दर सर्व्हिसिंगला होणारच. 3,60,000 चं काम चार वर्षं चालेल असं धरू. इंजिनकाम सोडून फर्मचा नफा दरवर्षी 9 लाख. सगळे 3,60,000 पहिल्या वर्षी खर्ची टाकले की नफा दिसतो 5.4 लाख आणि पुढची तिन्ही वर्षं 9 लाख. चार वर्षांत वाटले तर वर्षाला 90,000, म्हणजे नफा दरवर्षी 8.1 लाख. चार वर्षांची बेरीज दोन्हीकडे 32.4 लाखच.

घाटमाथा: बेरीज तीच, मग बिघडलं काय?

खतावणी: बेरीज चार वर्षांची आहे, पण माणसं चारही वर्षं फर्ममध्ये नसतात. निम्म्या हिश्शाचा भागीदार पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडला, तर त्याच्या वाट्याला 4.05 लाखांऐवजी 2.7 लाख नफा येतो. 1,35,000 कमी, आणि ज्या इंजिनवर गाडी पुढे तीन वर्षं धावणार ते मात्र मागे राहिलेल्यांचं. पहिल्या वर्षाअखेर मालमत्ताही 2.7 लाखांनी कमी दिसते. उलट दुसऱ्या वर्षाअखेर येणारा नवा भागीदार 9 लाखांचा नफा पाहून पैसे घालतो, तो नफा फुगलेला असतो.

पानगळ: आमच्या सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला 6 लाख खर्च केले. रक्कम मोठी, म्हणून तेही भांडवलीच ना?

खतावणी: रकमेवर जाऊ नका. गळके पॅच बुजवले असतील तर महसुली. जुना थर पूर्ण काढून नवा घातला असेल आणि तो कित्येक वर्षं टिकणार असेल, तर भांडवली म्हणायला आधार आहे. मोठी रक्कम असली की आपण नीट विचार करतो, एवढंच.

घसाराप्रेमी: एक राहिलं. जुने पिस्टन-लायनर भंगारात गेले, पण त्यांची किंमत ट्रकच्या पुस्तकी किमतीत अजून शिल्लक असेल. ती काढली नाही तर एकाच गाडीत दोन इंजिनं मांडली जातात. हिशेब मानक AS 10 तेच सांगतं. जुना भाग वजा, नवा जमा.

खतावणी: हो, ते मी सोडून दिलं होतं. जुन्याची शिल्लक 40,000 असेल तर तेवढा तोटा पहिल्या वर्षी येईल आणि नफा 8.1 ऐवजी 7.7 लाख होईल.

घाटमाथा: पण आयकरात इंजिनकाम पूर्ण वजा मिळतं. मग पुस्तकात वेगळं कशाला?

खतावणी: 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 31 चा शब्द ‘चालू दुरुस्ती’ आहे. असलेली मालमत्ता कामात ठेवायला केलेली दुरुस्ती वजा मिळते, नवी मालमत्ता उभी राहिली तर नाही. सरवणा स्पिनिंग मिल्सच्या 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिंग फ्रेम हे स्वतंत्र यंत्र धरलं, म्हणून ते बदलणं चालू दुरुस्तीत बसलं नाही. इंजिन मात्र ट्रकचा भाग आहे, म्हणून आयकरात तुमचं म्हणणं टिकू शकतं. तरी आयकराचं गणित वेगळ्या कागदावर मांडायचं, त्यासाठी पुस्तकातला नफा वाकवायचा नाही.

घसाराप्रेमी: लहान फर्मला दोन गणितं ठेवणं जड जातं. एकाच गाडीसाठी मी इतका आग्रह धरणार नाही.

खतावणी: भागीदार बदलणार नसतील, बँकेपुढे हिशेब जाणार नसेल, तर मीही फार ताणणार नाही.

निळीशाई: यातला भागीदार मार्चअखेर निवृत्त होतोय, म्हणूनच भाषांतर मागितलंय. म्हणजे ‘महसुली’ हा शब्द मी बदलून चालणार नाही, मुळात नोंद तशीच आहे. ‘चालू’ही नको, कारण तो कलम 31 कडे नेईल. तळाला 3,60,000 आणि 18,000 वेगळे दाखवून विचारते.

खतावणी: सोबत मेकॅनिककडून एक ओळ लिहून घ्यायला सांगा: इंजिन किती किलोमीटर चालेल. चार वर्षं हा आकडा मी धरलेला आहे, फर्मचा नाही.