मदत हवी आहे: ऑफिसच्या मराठी मेलमधून 'तो/ती' काढायचं आहे, पण वाक्य अवघडतं

रातराणी
नमस्कार. मी एका कारखान्याच्या एचआर विभागात आहे. शॉप फ्लोअरवरच्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून आमचे अंतर्गत मेल मराठीत जातात. प्लॅनिंगला एक नवीन सहकारी आहे, इथे किरण म्हणू. किरणने पहिल्याच दिवशी मला शांतपणे सांगितलं, "माझ्याबद्दल लिहिताना 'तो' नको आणि 'ती'ही नको." मी लगेच हो म्हटलं आणि स्वागताचा मेल लिहायला बसले. झालं ते असं:

"मित्रांनो, आपल्याकडे किरण हा/ही नवा/नवी प्लॅनर रुजू झाला/झाली आहे. तो/ती याआधी नाशिकच्या कारखान्यात होता/होती. वेळापत्रकाची अडचण आल्यास त्याला/तिला भेटावे."

तीन वाक्यांत सहा तिरक्या रेघा. माणसाचं स्वागत करतोय की फॉर्म भरून घेतोय, तेच कळेना. मेल सोमवारी सकाळी जायचा आहे. किरणला वाचून बरं वाटावं आणि लाइनवरच्या माणसाला त्यात काही वेगळं आहे असं जाणवूही नये, असं लिहायचं कसं?

पाणपोई
सोपं आहे. इंग्रजीत हल्ली एकट्या माणसालाही अनेकवचन लावतात, तसं सरळ 'ते' लिहा. 'ते रुजू झाले आहेत.' आणि किरणलाच मेल लिहायचा असेल तर 'तुम्ही' लिहा. 'तुम्ही'ला लिंग नसतं, प्रश्न मिटला.

टपालपेटी
पाणपोई, 'ते रुजू झाले' वाचून कोणाच्याही डोळ्यासमोर पुरुषच येतो. बाईंसाठी आपण 'त्या रुजू झाल्या' लिहितो. म्हणजे 'ते' लिहिलं की आदर वाढतो, पण 'तो' जातच नाही.

'तुम्ही'बद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. 'तुम्ही काल आलात' कोणालाही चालतं. पण 'तुम्ही काल आला होतात' लिहिलंत की समोर पुरुष, 'आल्या होतात' लिहिलंत की बाई. 'होतात', 'आहात' मागे लागलं की अडकायला होतं. तिथे साधा भूतकाळ ठेवा.

रातराणीताई, मी बावीस वर्षं एका बँकेची परिपत्रकं तपासली आहेत, त्यावरून सांगतो. मराठीत नुसता 'तो' खोडून भागत नाही, कारण लिंग क्रियापदात बसलेलं असतं. माणूस वाक्याचा कर्ता म्हणून उघडा उभा राहिला की क्रियापद त्याच्या मागे जातं: किरण आला, किरण आली. त्याच नावाला ने, ला, चा, कडे, शी यांतलं काही चिकटवा, की क्रियापद दुसऱ्या कोणाच्या तरी मागे लागतं. 'किरणने काम केलं' यात 'केलं' कामाचं आहे. 'किरणची जागा वर आहे' यात 'ची' जागेची आहे. तुमचा मेल मी असा लिहीन:

"नमस्कार मंडळी, सोमवारपासून प्लॅनिंगचं काम किरणकडे आहे. याआधी नाशिकच्या कारखान्यात किरणने हेच काम केलं आहे. वेळापत्रकाची काही अडचण आली तर थेट किरणशी बोला."

'मित्रांनो'च्या जागी 'मंडळी' घेतलं, त्यात सगळे आले. 'नवा/नवी' गाळलाच. ठेवायचा असता तर 'नवीन' लिहिलं असतं, तो कोणासाठीही बदलत नाही. औपचारिक हवं असेल तर 'किरण यांनी', 'किरण यांच्याकडे' करा. वर्तमानपत्रात रोज असंच छापून येतं.

खडूफळा
माझंही हेच दुखणं आहे. मी खरेदी विभागात आहे. माझं नाव मुलाचंही असतं, मुलीचंही. चार वर्षं मला 'आदरणीय सर' येतंय. फोनवर आवाज ऐकला की समोरचा गडबडतो आणि पुढच्या मेलमध्ये थेट 'सौ.' लावतो. माझं लग्न झालंय की नाही याच्याशी पुरवठादाराचा काय संबंध?

टपालपेटी
खडूफळा, तुमचा प्रश्न जरा निराळा आहे, तिथे व्यक्तीच माहीत नसते. जुन्या पत्रलेखनात याला उत्तर आहे: स.न.वि.वि. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. त्यात ना महोदय, ना महोदया. वर 'प्रति, खरेदी विभाग' घाला आणि कामाला लागा.

पाणपोई
स.न.वि.वि. आता कोण लिहितं? आमच्या ऑफिसातल्या पोरांना ती सॉफ्टवेअरची एरर वाटेल. 'नमस्कार' पुरे आहे.

टपालपेटी
चालेल. माझा हात अजून तिकडे वळतो.

माडबन
आमच्या मालवणीत 'चेडू' म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे आणि तो शब्द फार मायेचा आहे. मग 'किरण आलं', 'किरण बसलंय' असं का नको? मराठीत तिसरं लिंग आयतंच आहे, ते मोडीत का काढायचं?

खडूफळा
घरात माया असते, नोटीस बोर्डावर नसते. मोठ्या माणसाला 'आलं' म्हटलं की एकतर ते लेकरू वाटतं, नाहीतर वस्तू. ज्यांना हयातभर हिणवलं गेलंय त्यांना तर ते फारच टोचेल. किरणला न विचारता हे करू नका.

रातराणी
विचारलं. 'आलं' नको, 'ते'ही नको, नुसतं नाव सगळ्यात बरं, असं किरणचं म्हणणं आहे. टपालपेटी, तुमचा मेल मी दाखवला. किरणने दोनदा वाचला आणि म्हटलं, "यात काही टाळलंय असं वाटतच नाही."

त्याच नादात आमच्या हेल्पडेस्कचं ठरावीक उत्तरही बदललं. 'मी तपासून कळवतो' सगळ्यांच्या नावाने जायचं, त्यात तीन मुली आहेत. आता 'तपासून कळवेन' केलं.

पण काल मिनिट्स लिहिताना पुन्हा अडले. 'किरण उशिरा आला', 'किरण म्हणाला', 'किरण फाइल विसरला'. इथे 'ने' लावून पाहिलं, 'किरणने विसरलं' कानाला खटकतं.

टपालपेटी
खटकणारच. 'म्हणाला'चं 'किरणने म्हटलं' होतं, पण विसरणे, शिकणे, भेटणे, बोलणे ही क्रियापदं रूढ मराठीत भूतकाळात 'ने' घेत नाहीत. ती कर्त्याच्याच मागे जातात, म्हणून तिथे क्रियापदच बदलावं लागतं. 'किरणला यायला उशीर झाला.' 'किरणकडून फाइल राहिली.' आणि 'किरण मला भेटला' याचं 'माझी किरणशी भेट झाली'. अनुपस्थिती लिहायची तर 'किरण आज रजेवर आहे' तसंच ठेवा. 'आहे', 'असेल', 'येईल' यांत लिंग नाही. घोटाळा 'होता/होती'मध्ये आहे.

एक मात्र कबूल करतो. अपघाताच्या अहवालात 'किरण जिन्यावरून पडला' याला मला चांगला पर्याय सापडलेला नाही. 'किरणचा पाय घसरला' इथवर येतं, पण पडणं त्यात येत नाही. 'किरणला पडल्यामुळे इजा झाली' लिहिता येतं, पण इजा झालीच नसेल तर ते खोटं होईल.

माडबन
'किरणचा तोल जाऊन पडण्याची घटना घडली'?

टपालपेटी
माडबन, ही पोलिसी मराठी झाली. अर्थ पोहोचतो, पण वाचवत नाही.

पाणपोई
लिहिण्याचं कळलं. पण बोलताना? लिहिताना विचार करायला वेळ असतो, बोलताना जीभ पुढे जाते.

रातराणी
तेच चाललंय. मेल सोमवारी गेला, लाइनवरून कोणीही काही विचारलं नाही. दुपारी डबा खाताना माझ्याच तोंडून "किरण आला का?" गेलं, आणि किरण शेजारच्याच टेबलावर. आता "किरण आहे का?" म्हणायची सवय लावून घेतेय. याहून लांबच्या वाक्यांचं कोणी काय करतं, ते सांगाल का?