मदत हवी आहे: सोसायटीच्या उपविधींवर उत्तरं देणारं मॉडेल कलमं मनानेच रचतंय

तिसरा_मजला
सोसायटीच्या उपविधींची 60 पानी पीडीएफ भाषिक मॉडेलला देऊन सभासदांच्या प्रश्नांची उत्तरं काढतोय. निम्मी बरोबर येतात, निम्मी चक्क रचलेली. "पाळीव कुत्र्याबद्दल उपविधीत दंड किती सांगितलाय?" या प्रश्नाला "उपविधी 168(अ), पान 41 : रु. 500" असं उत्तर आलं. छापील प्रतीत असं कलमच नाही. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. माझी सूचना अशी:

```
सोबतच्या उपविधींच्या आधारे सविस्तर उत्तर द्या.
उपविधी क्रमांक आणि पान क्रमांक नक्की द्या.
```

शब्दरचनेत नक्की काय बदलू?

भरतीओहोटी
टेम्परेचर 0 करा, प्रश्न मिटेल.

गोधडी
मिटणार नाही. टेम्परेचर शून्य केल्यावर मॉडेल दर वेळी सर्वांत संभाव्य शब्द निवडतं, म्हणजे उत्तर बहुतेक वेळा तेच येतं. सर्वांत संभाव्य उत्तरच चुकीचं असेल तर तीच चूक रोज मिळेल, आणि रोज तेच येतंय म्हणून ती खरी वाटायला लागेल.

धागाकर्ते, तीन गोष्टी सांगा. पीडीएफ टाइप केलेली आहे की स्कॅन? मजकूर मॉडेलपर्यंत कसा जातोय? आणि जी उत्तरं बरोबर आली ती कशाबद्दल होती?

तिसरा_मजला
टाइप केलेली आहे, स्कॅन नाही. स्क्रिप्ट पीडीएफमधून मजकूर काढून पाठवते. थकबाकीवरचं व्याज, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सभेची नोटीस यांची उत्तरं बरोबर होती. पण माझा प्रश्न शब्दरचनेचा आहे.

वकीलवाडी
नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचा कर धरायचा नसतो. तुमची सोसायटी जास्त घेत असेल तर उपनिबंधकांकडे तक्रार करा. कुत्र्याचा दंड हा वेगळा विषय आहे.

तिसरा_मजला
साहेब, चार्जेसची तक्रार नाही. उत्तरं रचली जातात, ती थांबवायची आहेत.

गोधडी
आधी कारण बघू, मग शब्दरचना. मॉडेल पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातं. "उपविधी" शब्दानंतर आकडा, कंसात अक्षर, मग पान, हा साचा त्याने हजारो वेळा पाहिलाय, त्यामुळे साचा पक्का असतो. आतला आकडा एकाच सोसायटीच्या कागदात असेल तर तो त्याला माहीत असण्याचं कारणच नाही. शिवाय मॉडेलांच्या बहुतेक चाचण्यांत "माहीत नाही" म्हटलं की शून्य गुण आणि ठोकून दिलेलं कधीतरी बरोबर येतं. निगेटिव्ह मार्किंग नसलेल्या परीक्षेत मुलं एकही प्रश्न सोडत नाहीत, तसंच हे.

आता तुमची सूचना पुन्हा वाचा. "नक्की द्या" म्हटल्यावर कलम न सापडणं हा पर्यायच उरला नाही. "सविस्तर" म्हणजे एका ओळीची माहिती असली तरी चार ओळी भरा. आणि "दंड किती सांगितलाय" या प्रश्नात दंड आहे हे तुम्हीच गृहीत धरलंत, मॉडेलने फक्त आकडा भरला. "पाळीव प्राण्यांबद्दल काही म्हटलंय का? असेल तर ते वाक्य जसंच्या तसं दाखव" असं विचारा.

भरतीओहोटी
मग वर ठळक अक्षरांत "खोटी माहिती देऊ नकोस, कल्पना लढवू नकोस" लिहा. माझ्याकडे पुष्कळ फरक पडला.

गोधडी
थोडा पडतो, नाकारत नाही. पण आपण रचतोय की आठवतोय हे मॉडेलला खात्रीने वेगळं करता येत नाही. मनाई करण्यापेक्षा काय करायचं ते सांगितलेलं जास्त उपयोगी. हे वापरून बघा:

```
फक्त <मजकूर> मधून उत्तर दे.
1. प्रश्नाशी संबंधित वाक्यं शब्दशः उतरव, पान क्रमांकासह.
2. अशी वाक्यं नसतील तर "मजकुरात सापडलं नाही"
   एवढंच लिही आणि थांब.
3. असतील तरच त्यांवरून तीन वाक्यांत उत्तर दे.
```

क्रम महत्त्वाचा आहे. उत्तर आधी आणि आधार नंतर मागितला तर दिलेल्या उत्तराला शोभेल असा आधार रचला जातो. आणि स्क्रिप्टने पाठवलेल्या मजकुरात पान क्रमांक नसतील तर पान 41 येणार कुठून? प्रत्येक पानाच्या सुरुवातीला `[पान 12]` अशी खूण घाला.

अक्षरजुळणी
एवढी चर्चा झाली, पण पाठवलेला मजकूर कोणी डोळ्यांनी पाहिलाय का? धागाकर्ते, हे चालवा आणि काय दिसतं ते इथे चिकटवा:

```
pdftotext -f 12 -l 12 upvidhi.pdf - | head
```

तिसरा_मजला
हे आलं. पीडीएफ उघडल्यावर मात्र स्वच्छ मराठी दिसतं.

```
lgdkjh laLFkk
fu;e
```

अक्षरजुळणी
वाटलंच. हा कृतिदेव पद्धतीचा जुना फॉन्ट आहे. वरच्या ओळी म्हणजे "सहकारी संस्था" आणि "नियम". पडद्यावर फॉन्ट अक्षरांचे आकार मराठी दाखवतो, आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. मॉडेलला 60 पानं असा मजकूर गेला, त्यातलं फारसं काही कळलं नसणार. व्याज, चार्जेस आणि नोटिशीची उत्तरं बरोबर आली कारण आदर्श उपविधींवर इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं आहे, ते त्याला आधीपासून येत होतं. तुमच्या सोसायटीपुरतं जे आहे तेच रचलं गेलं.

पानांची चित्रं करून मराठी ओसीआर करा:

```
pdftoppm -r 300 -png upvidhi.pdf pan
tesseract pan-12.png pan12 -l mar
```

आकडे मात्र छापील प्रतीशी ताडून घ्या. ५ आणि ४ यांची गल्लत होऊ शकते, आणि तिथे मॉडेल चुकीचा आकडा अगदी प्रामाणिकपणे उतरवेल.

गोधडी
हे मी आधी विचारायला हवं होतं. मजकूरच पोचला नसेल तर माझ्या सूचनेने फार तर "सापडलं नाही" मिळालं असतं. एक परीक्षा करून घ्या: "उपविधी 412 काय सांगतो?" असं विचारा. इतकी कलमं तुमच्याकडे नसतील, तेव्हा उत्तर आलं तर सूचना अजून ढिली आहे.

भरतीओहोटी
मग उतारे खरे आहेत हे रोज कोण तपासणार?

गोधडी
स्क्रिप्टच. मॉडेलने शब्दशः म्हणून दिलेलं वाक्य मूळ मजकुरात शोधायचं, सापडलं नाही तर उत्तर सभासदाला दाखवायचंच नाही. मराठीत एक अडचण येते. "ऱ्या" मधला ऱ दोन प्रकारे साठवलेला असू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंना आधी हे करा:

```
s = unicodedata.normalize("NFC", s)
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d").replace("\u200d", "").replace("\u200c", "")
s = " ".join(s.split())
```

दुसरी ओळ न दिसणारी जोडअक्षरांची चिन्हं काढते, ती NFC ने जात नाहीत. उतारा खरा निघाला तरी त्यावरून काढलेला अर्थ चुकू शकतो, तेवढा भाग माणसानेच वाचायचा.

वकीलवाडी
हे खटल्यांनाही लागू आहे. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात वकिलांनी मॉडेलने रचलेले निवाडे सादर केले आणि 5000 डॉलर दंड झाला. ते निवाडे खरे आहेत का हे त्यांनी मॉडेललाच विचारलं होतं, आणि त्याने होकार दिला. मूळ निवाडा उघडून बघणं हाच उपाय होता.

तिसरा_मजला
ओसीआर केलं, सूचना बदलली, उतारे स्क्रिप्ट तपासते. 412 ला "सापडलं नाही" आलं. कुत्र्यांबद्दल एक वाक्य निघालं, त्यात दंड नाहीच. 20 प्रश्नांत रचलेलं एकही नाही. पण दोन ठिकाणी कलम असूनही "सापडलं नाही" म्हणतं. सभासदाने "थकबाकी" विचारलं, उपविधीत "देय रक्कम" आहे.

गोधडी
सूचना कडक केली की ही किंमत येते. पहिल्या पायरीत "वेगळ्या शब्दांत सांगितलेलं असलं तरी उतरव" असं जोडून बघा.

अक्षरजुळणी
मी ते जोडणार नाही. त्याच वाटेने ओढूनताणून जुळवलेली वाक्यं आत येतात, आणि उतारा खरा असल्यामुळे तुमची स्क्रिप्ट ती पकडणार नाही. "थकबाकी, देय रक्कम, येणे बाकी" अशी शब्दांची यादी हाताने करून प्रश्नासोबत पाठवा.

तिसरा_मजला
दोन्ही करून त्याच 20 प्रश्नांवर ताडून बघतो. 17 नंबरच्या पानावरचा तक्ता ओसीआरमध्ये पार विस्कटलाय, रकाने एकमेकांत मिसळलेत. त्याचं काय करायचं?